विश्लेषण : दिवाळीत बाल्कनीला कोणत्या रंगाची माळ शोभते? ‘वॉर्म व्हाइट’ आणि पिवळा यात नेमका फरक काय?

दिवाळीच्या आठवड्यात कोणत्याही सोसायटीच्या फाटकात उभे राहून वर पाहावे. एका बाल्कनीत लाल-हिरव्या-निळ्या माळा लपलप करत असतात, दुसरीत दवाखान्यासारखा पांढराशुभ्र उजेड असतो. तिसऱ्या बाल्कनीत मात्र माळ फारशी जाणवत नाही, पण कंदील उठून दिसतो, कठड्यावरच्या पणत्या दिसतात, तुळस दिसते. खर्च तिन्ही घरांनी जवळपास सारखाच केलेला असतो. मग नजर तिसऱ्याच घरावर का थांबते?

याचे उत्तर आवडीनिवडीवर सोडून दिले जाते. प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग रंगाच्या साध्या विज्ञानाचा आहे. दुकानात ‘कोणता रंग देऊ’ या प्रश्नाला दिलेले उत्तर फक्त माळेचा रंग ठरवत नाही. कंदिलाचा कागद, झेंडूचे तोरण, भिंत आणि घरातल्या माणसांचे चेहरे कसे दिसतील, हेही त्याच उत्तरावर ठरते. म्हणूनच बाल्कनीसाठी एकच नियम सांगायचा झाला तर तो असा : रंग कंदिलाला द्यावा, माळेने फक्त उजेड द्यावा. आणि तो उजेड पणतीच्या जवळचा असावा.

पणतीच्या उजेडाला मोजमाप आहे का?

आहे. पांढऱ्या उजेडाची छटा केल्विन या एककात सांगतात आणि एलईडीच्या खोक्यावर तो आकडा छापलेला असतो. गंमत म्हणजे हा आकडा जितका कमी, तितका उजेड तांबूस-पिवळा. आणि जितका जास्त, तितका निळसर. पणतीची किंवा मेणबत्तीची ज्योत साधारण १९०० केल्विनच्या आसपास असते. जुना तारेचा पिवळा बल्ब २७०० च्या आसपास. ‘वॉर्म व्हाइट’ नावाने मिळणारे एलईडी २७०० ते ३००० या टप्प्यात येतात. आणि बहुतेक मराठी घरांच्या हॉलमध्ये जी ट्यूब असते, जिच्या खोक्यावर ‘कूल डेलाइट’ लिहिलेले असते, ती ६५०० केल्विनची.

दिवाळीच्या मांडणीत एक गोष्ट ठरलेली आहे, ती म्हणजे पणती. तिचा रंग बदलता येत नाही. त्यामुळे बाकीच्या दिव्यांनी तिच्याशी जुळवून घ्यायचे असते. २७०० ची माळ पणतीपेक्षा किंचित फिकट असते, पण त्याच घराण्यातली वाटते. ६५०० ची माळ शेजारी लावली की पणती मळकट, विझत आल्यासारखी दिसू लागते. पणतीत काहीच बिघडलेले नसते. आपला डोळा समोरच्या सर्वांत प्रखर उजेडाला पांढरा मानतो आणि बाकीचे रंग त्याच्या तुलनेत ठरवतो, म्हणून असे होते.

प्रखरतेचाही इथे संबंध आहे. एका मेणबत्तीतून सगळीकडे मिळून साधारण १२ ल्युमेन उजेड पडतो. सात वॅटच्या एका एलईडी बल्बमधून सहाशे-सातशे. म्हणजे बाल्कनीतला छताचा एक बल्ब चालू ठेवला की पन्नासएक मेणबत्त्यांचा उजेड तिथे ओतला जातो, आणि कठड्यावर मांडलेल्या डझनभर पणत्या त्यात हरवतात. लक्ष्मीपूजन अमावास्येला असते. आकाशात चंद्र नसतो, अंधार आयताच मिळालेला असतो. त्या अंधारात थोडा उजेडही पुष्कळ होतो, हे लक्षात घेतले तर निम्मे काम सोपे होते.

मग पिवळी माळ घ्यावी का?

इथेच सर्वांत जास्त फसगत होते. दुकानात ‘पिवळी द्या’ म्हटले की विक्रेता दोन वेगवेगळ्या वस्तूंपैकी कोणतीही देऊ शकतो. एक वॉर्म व्हाइट, दुसरी खरोखरच पिवळी. दोन्ही लांबून सारख्याच दिसतात. घरी आल्यावर मात्र त्या सारख्या वागत नाहीत.

फरक समजून घेण्यासाठी एलईडीच्या आत डोकवावे लागते. पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतोच. त्यात निळा प्रकाश देणारा बारीक तुकडा असतो आणि त्यावर पिवळसर फॉस्फरचा थर असतो. काही निळा प्रकाश थेट बाहेर पडतो, काही त्या थरात शिरून हिरवा, पिवळा, तांबडा होऊन बाहेर येतो आणि सगळे मिसळून पांढरे दिसते. असा निळा एलईडी बनवण्यासाठी इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. वॉर्म व्हाइटमध्ये हा थर अशा प्रकारे तयार केलेला असतो की निळा भाग कमी आणि तांबडा-पिवळा भाग जास्त बाहेर पडावा. पण त्यात थोडेफार सगळेच रंग असतात.

पिवळ्या एलईडीत असा थर नसतो. त्यातून जवळपास एकाच रंगाचा प्रकाश येतो. वस्तूचा रंग दिसण्यासाठी तो रंग आधी उजेडात असावा लागतो. कुंकवाचा लाल किंवा तुळशीचा हिरवा पिवळ्या एलईडीच्या उजेडात नसतोच, त्यामुळे कुंकू तपकिरी दिसते, तुळस काळपट दिसते आणि नवी पैठणी ओळखू येत नाही. जुन्या रस्त्यांवरच्या सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली लाल गाडी कोणत्या रंगाची आहे हे कळत नसे, तोच हा प्रकार. दिवाळीत बाल्कनीत रांगोळी असते, तोरण असते, नवे कपडे घातलेली माणसे फोटोसाठी उभी राहतात. तिथे पिवळ्या एलईडीची माळ हा सर्वांत तोट्याचा सौदा ठरतो.

दोन्हींतला फरक दुकानातच ओळखता येतो. जुनी सीडी घरात पडलेली असेल तर ती सोबत न्यावी. पेटलेली माळ सीडीच्या चकचकीत बाजूला धरून तिरके पाहिले की प्रतिबिंबाशेजारी रंगांचा पट्टा दिसतो. वॉर्म व्हाइट असेल तर निळ्यापासून तांबड्यापर्यंत सगळे रंग दिसतात. पिवळा एलईडी असेल तर फक्त पिवळा-नारिंगी तुकडा दिसतो. सीडी नसेल तर माळेखाली आपला तळहात आणि एखादी लाल वस्तू धरावी. हात जिवंत दिसला आणि लाल रंग लालच राहिला, तर माळ घ्यावी. हात पिवळट आणि लाल तपकिरी दिसला, तर ती परत ठेवावी.

आणखी एक तिसरा प्रकार स्वस्त माळांमध्ये सापडतो. आत निळसर पांढरा एलईडी आणि वर पिवळ्या प्लास्टिकची टोपी. तो पहिल्या वर्षी खपून जातो, पण बाल्कनीत ऊन लागून टोपीचा रंग उडाला की पुढच्या दिवाळीत माळ पांढरट निघते. एक टोपी हळूच काढून आतला दिवा पाहिला तर हे लगेच कळते.

दुकानात उजेड पारखताना चूक कुठे होते?

पुण्यातली तापकीर गल्ली असो किंवा मुंबईतली लोहार चाळ, दिवाळीच्या तोंडावर तिथे शेकडो माळा एकाच वेळी पेटलेल्या असतात आणि दुकानांत वर कूल डेलाइटच्या ट्यूब असतात. त्या निळसर उजेडात सरावलेल्या डोळ्याला २७०० केल्विनची माळ भलतीच पिवळी वाटते. ग्राहक बिचकतो आणि ‘जरा पांढरी दाखवा’ म्हणतो. घरी अंधारात लावल्यावर तीच ‘जरा पांढरी’ माळ निळी दिसते. म्हणून माळ दुकानाच्या उजेडात पाहू नये. कापडी पिशवीत किंवा रिकाम्या खोक्यात पेटती माळ धरून, वरून हाताचा आडोसा करून पाहावी. अर्धा मिनिट पाहिले की डोळा सरावतो आणि खरी छटा दिसते.

दोन माळा लागणार असतील तर त्या एकाच दिवशी, एकाच कंपनीच्या घ्याव्यात आणि दोन्ही शेजारी शेजारी पेटवून पाहाव्यात. खोक्यावर ‘वॉर्म व्हाइट’ लिहिलेल्या दोन माळांत एक किंचित गुलाबी आणि दुसरी किंचित हिरवट निघू शकते. वेगवेगळी लावली तर हा फरक कळत नाही. एकाच कठड्यावर जोडून लावली की जोड कुठे आहे ते रस्त्यावरून दिसते. मागच्या वर्षीच्या माळेला यंदाची जोड देतानाही हाच घोटाळा होतो. तेव्हा जुनी माळ झाडांत गुंडाळावी आणि नवी कठड्याला लावावी. दोन्हींच्या मध्ये अंतर राहिले की फरक खपून जातो.

निळी किंवा मल्टिकलर माळ नजरेला का खुपते?

निळ्या दिव्यांचा त्रास खरा आहे, तो केवळ मनाचा खेळ नाही. डोळ्याचे भिंग सगळ्या रंगांचे किरण एकाच ठिकाणी आणू शकत नाही. तांबडा-पिवळा नीट पडद्यावर आला की निळा थोडा अलीकडेच एकवटतो. त्यामुळे रात्री लांबून निळा दिवा ठिपक्यासारखा न दिसता पसरट, धुरकट दिसतो. शिवाय अंधारात आपला डोळा निळ्या बाजूला अधिक संवेदनशील होतो. पुर्किन्ये या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात संध्याकाळी लाल फुले काळवंडतात आणि निळी उजळतात हे नोंदवले, म्हणून या परिणामाला त्याचेच नाव आहे. थोडक्यात, निळी माळ जितकी असते त्यापेक्षा प्रखर आणि अस्पष्ट दिसते. डोळ्यांना ती टोचते.

मल्टिकलर माळेची अडचण वेगळी आहे. लाल, हिरवा, निळा, पिवळा असे चार रंग दहा-दहा सेंटिमीटरवर आळीपाळीने येतात. जवळून ते चार रंग दिसतात, पण भिंतीवर पडणारा उजेड या सगळ्यांची सरमिसळ असतो. एका ठिकाणी जांभळट, दुसरीकडे हिरवट. तिथे उभ्या माणसाच्या एका गालावर हिरवा आणि दुसऱ्यावर लाल पडतो. त्यात लपलप सुरू केली की नजर एका जागी ठरत नाही. नजर ठरली नाही तर कंदील, रांगोळी, पणती काहीच दिसत नाही; दिसते फक्त हालचाल.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. ‘दिवाळी म्हणजे रंग. सगळे पिवळसर करून टाकले तर हॉटेलची लॉबी होईल,’ असे घरातली मोठी माणसे म्हणतात, आणि लहान मुले तर रंगीत माळेसाठी हट्टच धरतात. पण वॉर्म व्हाइटचा आग्रह रंग घालवण्यासाठी नाही. उजेडात सगळे रंग असले तरच झेंडूचा केशरी, आंब्याच्या पानांचा हिरवा, रांगोळीचा गुलाबी रात्रीही दिसतो. रंग माळेत नसला तरी बाल्कनीत भरपूर असतो. माळेने तो दाखवायचा असतो.

तरीही रंगीत माळ हवीच असेल तर एकच रंग घ्यावा आणि तो एकाच जागी ठेवावा. वॉर्म व्हाइटच्या शेजारी केशरी, गुलाबी किंवा लाल रंग निभावून जातो, कारण ते सगळे ज्योतीच्या बाजूचे आहेत. मुलांची रंगीत माळ एका काचेच्या बरणीत भरून रांगोळीजवळ ठेवली, तर हट्टही पुरा होतो आणि कठडाही शांत राहतो. लाल-हिरवी जोडी मात्र टाळावी; ती पाहून दिवाळीपेक्षा नाताळ आठवतो.

कंदिलात कोणता बल्ब घालावा?

कंदिलाचा कागद स्वतः उजेड देत नाही. बल्बच्या उजेडातला आपल्या रंगाचा भाग तो बाहेर सोडतो आणि बाकीचा अडवतो. केशरी पतंगी कागदातून केशरी-तांबडा प्रकाश बाहेर यायचा असेल, तर तो बल्बमध्ये भरपूर असायला हवा. ६५०० च्या बल्बमध्ये तांबडा भाग कमी असतो. म्हणून केशरी किंवा लाल कंदील त्या बल्बवर फिका, धुतल्यासारखा दिसतो, आणि लोक कागदाला दोष देतात. त्याच कंदिलात २७०० चा बल्ब घातला की तो आतून पेटल्यासारखा दिसतो.

याला एक अपवाद आहे. कंदील निळा, जांभळा किंवा मोरपंखी असेल तर वॉर्म बल्ब त्याला मारक ठरतो. त्यात निळा भाग कमी असल्याने निळा कागद राखाडी दिसतो. अशा कंदिलात ४००० केल्विनच्या आसपासचा बल्ब घालावा. बाल्कनीतला सारा थंड रंग त्या एका कंदिलात ठेवावा आणि माळ वॉर्मच राहू द्यावी. एका उबदार चौकटीत एकच निळा कंदील फार देखणा दिसतो. दोन निळ्या गोष्टी झाल्या की तो परिणाम गेलाच.

दहा बाय चारच्या बाल्कनीचा हिशेब कसा मांडावा?

एक नेहमीची बाल्कनी घेऊ. तिसरा मजला, लांबी दहा फूट, खोली चार फूट, तिन्ही बाजूंनी काळा लोखंडी कठडा, क्रीम रंगाची भिंत. डाव्या कोपऱ्यात दाराजवळ तुळस आणि दोन कुंड्या. वर स्लॅबला कंदिलाचा हूक. मागच्या वर्षी या घराने मल्टिकलरच्या तीन माळा कठडा, छत आणि दोन्ही भिंतींना गुंडाळल्या होत्या. आजीने कठड्यावर बारा पणत्या ओळीने मांडल्या, पण खालून एकही दिसली नाही. ‘पणत्या लावल्यात कशाला मग,’ असे ती म्हणाली, आणि यंदा त्या प्रश्नापासूनच सुरुवात करायची आहे.

आधी मोजणी. पुढचा कठडा दहा फूट म्हणजे साधारण तीन मीटर. बाजूचे दोन चार-चार फुटांचे, म्हणजे प्रत्येकी सव्वा मीटरला थोडे कमी. तिन्ही मिळून जवळपास साडेपाच मीटर. शंभर दिव्यांची दहा मीटरची एकच माळ घेतली तर दर दहा सेंटिमीटरला एक दिवा येतो आणि तेवढी दाटी पुरते. खोक्यावरची लांबी पाहताना दिव्यांच्या भागाची लांबी आणि प्लगपर्यंतची मोकळी वायर वेगळी मोजलेली आहे ना, हे पाहावे.

माळेची सुरुवात डाव्या कोपऱ्यातून. पहिले पावणेतीन मीटर तुळस आणि कुंड्यांमध्ये सैल सोडायचे, आवळून गुंडाळायचे नाहीत. पुढचे साडेपाच मीटर तिन्ही कठड्यांवर. उरलेले पावणेदोन मीटर उजव्या कोपऱ्यातल्या भिंतीवरून वर जाऊ द्यायचे आणि तिथेच थांबायचे. छताची कड रिकामी. चारही बाजूंनी चौकट केली की बाल्कनी दुकानाच्या पाटीसारखी दिसते. वरची बाजू अंधारात राहिली की तिथे लटकणारा कंदील एकटा आणि मोठा दिसतो.

कठड्यावर माळ कुठे बांधायची, हाही रंगाइतकाच महत्त्वाचा प्रश्न. वरच्या दांड्यावर बांधली तर ती पणत्यांच्या रांगेतच येते, पुन्हा स्पर्धा सुरू होते आणि ज्योतीजवळ प्लास्टिकची वायर ठेवणे धोक्याचेही आहे. म्हणून माळ वरच्या दांड्याच्या एक-दीड फूट खाली, आतल्या बाजूने बांधायची. उजेड फरशीवर आणि भिंतीवर पडतो. क्रीम भिंत तो परत फेकते आणि सगळ्या बाल्कनीत मंद उजाळा राहतो. रस्त्यावरून दिव्यांचे ठिपके कमी आणि उजेड जास्त दिसतो. हीच भिंत गर्द निळी किंवा राखाडी असती तर उजेड तिने गिळला असता. तेव्हा माळ भिंतीपासून दूर, पुढच्या कठड्यावरच ठेवावी लागली असती.

वायरचा रंगही ठरवायचा असतो, कारण दिवाळीचे चार-पाच दिवस माळ दिवसाही दिसते. काळ्या कठड्याला काळी किंवा गडद हिरवी वायर, पांढऱ्या भिंतीला पारदर्शक, आणि झाडांत हिरवी. इथे एकच माळ तिन्ही ठिकाणी जाते, म्हणून गडद हिरवी घेतली आणि भिंतीवरचा छोटा भाग कोपऱ्यातून नेला.

आता शेवटचे आणि हमखास विसरले जाणारे काम. बाल्कनीत सगळे जुळले तरी मागे हॉलमधली ६५०० ची ट्यूब चालू असते आणि काचेच्या दारातून तिचा निळसर झोत बाहेर पडतो. पांढऱ्याच्या दोन छटा एकमेकींशेजारी आल्या की दोन्ही बिघडतात. एक पिवळट वाटते, दुसरी निळी. संध्याकाळी तेवढा वेळ दाराचा पडदा ओढावा किंवा ट्यूब बंद करून कोपऱ्यातला एखादा वॉर्म दिवा लावावा. या घरात ट्यूब बंद केली, कंदिलात पाच वॅटचा २७०० चा बल्ब घातला आणि छताचा दिवा लावलाच नाही. आजीच्या बाराही पणत्या फाटकातून मोजता येतात.

लावल्यावर काय बिघडू शकते?

माळ स्थिर दिसते, पण नजर इकडून तिकडे फिरवली की तुटक ठिपक्यांची रांग दिसते. हे झगमगणे काही स्वस्त माळांत असते, कारण त्या विजेच्या प्रत्येक आवर्तनात क्षणभर विझतात, सेकंदाला पन्नास वेळा. तासभर जवळ बसले की डोके जड होते. दुकानातच पेटती माळ हातात धरून वेगाने हलवावी किंवा मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये पाहावी. सलग रेघ दिसली तर उत्तम, तुटक दिसली तर दुसरी मागावी.

लपलप करणाऱ्या माळेच्या डबीवर बटण असते. ते दाबत गेले की शेवटी दिवे स्थिर होतात. पण वीज जाऊन आली की अनेक डब्या पुन्हा पहिल्या नाचऱ्या प्रकारावर येतात. त्यामुळे शक्य असेल तर डबी नसलेली, कायम स्थिर राहणारी माळच घ्यावी.

यूएसबीवर चालणाऱ्या बारीक तांब्याच्या तारेच्या माळा नाजूक आणि सुंदर दिसतात, पण त्या एकापुढे एक जोडल्या की शेवटच्या टोकाला दाब कमी पडतो. वॉर्म व्हाइट असेल तर टोक मंद होते. रंग बदलणारी असेल तर टोकाला पांढऱ्याऐवजी तांबूस छटा येते, कारण निळा आणि हिरवा दिवा चालायला दाब जास्त लागतो आणि तो आधी मान टाकतो. अशी माळ बदलायची गरज नसते, दोन्ही तुकड्यांना वेगळा चार्जर द्यावा.

लोखंडी कठड्यावर थेट २३० व्होल्टची माळ बांधणे मात्र टाळावे. वायरचे आवरण एखाद्या धारेवर सोलले गेले आणि परतीच्या पावसाची सर आली तर कठड्यातच वीज उतरू शकते. अ‍ॅडॅप्टरवर चालणारी कमी व्होल्टची माळ घ्यावी, अ‍ॅडॅप्टर घरात ठेवावा आणि बाहेरच्या भागासाठी खोक्यावर किमान ‘आयपी ४४’ लिहिलेले पाहावे. पावसाचे थेट शिंतोडे येणारी बाल्कनी असेल तर ‘आयपी ६५’.

फोटोत तो रंग का येत नाही?

डोळ्यांना सोनेरी दिसणारी बाल्कनी मोबाइलमध्ये कधी फटफटीत पांढरी, तर कधी नुसती केशरी येते. कारण कॅमेरा आपणहून उजेड ‘पांढरा’ करायला बघतो आणि अंधार पाहून उजेड वाढवतो. त्यावर दोन उपाय आहेत. स्क्रीनवर कंदिलावर बोट ठेवून उजेडाची पट्टी खाली ओढावी. ‘प्रो’ मोड असेल तर व्हाइट बॅलन्स ४००० च्या आसपास ठेवावा, म्हणजे २७०० ची ऊब फोटोत टिकते. वेळ निवडावी ती सूर्य मावळल्यानंतरची पंधरा ते तीस मिनिटे. तेव्हा आकाश गडद निळे असते, माळ सोनेरी असते आणि पणतीही उठून दिसते. थंड रंग हवाच असेल तर तो त्या आकाशाकडून फुकट मिळतो. त्यासाठी निळी माळ विकत घ्यावी लागत नाही.

शेवटी हिशेब असा उरतो : एक कंदील, एक वॉर्म व्हाइट माळ, बारा पणत्या आणि बंद केलेली ट्यूब. यातली दुकानातून आणायची वस्तू एकच आहे. उरलेल्या तीन घरात आधीपासून असतात, त्यांना फक्त दिसू द्यायचे असते.